जायरो कॅलिब्रेशन प्रकल्प: नोंदी (बीजीएमआय, आत्तेभावाचा फोन, अकोला)

12 एप्रिल 2025

आत्तेभाऊ उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे आलाय आणि त्याला बीजीएमआय या मोबाइलवरच्या शूटिंग गेममध्ये जायरोवर, म्हणजे फोन वळवून नेम धरण्यावर, शिफ्ट व्हायचंय. आत्तापर्यंत चार बोटांनी क्लॉ धरून खेळायचा, 3x आणि 6x स्कोपवर स्प्रे, म्हणजे सलग गोळीबार, पकडताना अंगठा ओढून ओढून स्क्रीनच्या खालच्या कडेला पोचायचा आणि मग नेम सुटायचा. जायरोमध्ये ती भानगड नाही, फोनचा वरचा कड पुढे झुकवला की नेम खाली येतो, फोन डावीकडे वळवला की नेम डावीकडे जातो, अंगठा मोकळाच राहतो.

पण त्याची तक्रार अशी की "दादा, मी काहीच करत नाही तरी हे आपोआप सरकून राह्यलं." कुठल्यातरी यूट्यूबरच्या सेन्सिटिव्हिटीचा कोड टाकलेला, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. प्रत्येक वेळी आकडे बदलले आणि सरकणं तसंच राहिलं. म्हणून हा प्रकल्प हातात घेतला. नियम एकच ठरवलाय, सेन्सरचं काय चाललंय ते मोजून झाल्याशिवाय सेन्सिटिव्हिटीच्या स्लायडरला हात लावायचा नाही.

आज फक्त लक्षणं वेगळी केली, कारण "जायरो खराब आहे" या एका वाक्यात चार वेगळ्या गोष्टी येतात. हात स्थिर असताना नेम कायम एकाच दिशेला एकाच वेगाने सरकतो, तो ड्रिफ्ट. नेम जागच्या जागी थरथरतो, तो हाताचा कंप किंवा सेन्सरवर कुठून तरी येणारं व्हायब्रेशन. टार्गेटवर आणायला गेलं की नेम पलीकडे निघून जातो, ती सेन्सिटिव्हिटी जास्त. आणि फोन वळल्यानंतर नेम मागून आल्यासारखा वाटतो, ते फ्रेम पडण्याचं लक्षण, तिथे सेन्सरचा दोष बहुतेक नसतोच. 30 एफपीएसला प्रत्येक फ्रेम 33 मिलिसेकंदांची असते आणि 60 ला 17 ची, त्यामुळे गरम होऊन फोनचे फ्रेम पडले की जायरो सगळ्यात आधी तरंगल्यासारखा वाटायला लागतो.

ओळखायची सोपी टेस्ट अशी. ट्रेनिंग ग्राउंडमध्ये जायचं, जायरो ऑलवेज ऑन ठेवायचा, 6x उघडून भिंतीवरच्या एखाद्या खुणेवर नेम धरायचा आणि फोन हळूच टेबलावर ठेवून द्यायचा. ठेवताना नेम हलणार, हलू द्या. ठेवल्यावर थांबला तर ड्रिफ्ट नाही. चालतच राहिला तर आहे. त्याचा चालतच राहिला, डावीकडे.

13 एप्रिल

आधी खात्री करायची होती की फोनमध्ये खरा जायरोस्कोप आहे. स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये जायरोची चिपच नसते, अ‍ॅक्सिलरोमीटर आणि मॅग्नेटोमीटर यांच्यावरून सॉफ्टवेअर अंदाजाने फिरण्याचा वेग काढतं आणि तोच जायरो म्हणून गेमला देतं. असा व्हर्च्युअल जायरो कायम मागे पडतो आणि जवळ लोखंड, स्पीकर किंवा चुंबकवाला कूलर आला की भरकटतो. तिथे कॅलिब्रेशनचा कितीही खटाटोप केला तरी उपयोग नाही. फोन लॅपटॉपला लावला, यूएसबी डीबगिंग चालू केलं आणि ही कमांड दिली:

```
adb shell "dumpsys sensorservice | grep -i gyro"
```

यात जी नावं येतात त्यात चिपचं आणि ती बनवणाऱ्या कंपनीचं नाव दिसलं तर खरा. नावात virtual किंवा pseudo असं काही असेल, किंवा कंपनी म्हणून नुसतंच फोनवाल्याचं किंवा प्रोसेसरवाल्याचं नाव असेल तर संशय घ्यायचा. आमच्याकडे चिपचं नाव नीट आलं, आणि त्याच चिपच्या दोन ओळी दिसल्या, एक साधी आणि एक uncalibrated वाली.

या दोन ओळी म्हणजे पुढच्या सगळ्या कामाची किल्ली आहे म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितो. फोनमधला जायरो म्हणजे सिलिकॉनमध्ये कोरलेलं एक अतिशय बारीक वजन असतं, ते सतत कंपत ठेवलेलं असतं, फोन फिरला की कोरिऑलिस बलाने ते वजन आडवं ढकललं जातं आणि त्या ढकलण्यावरून सेकंदाला किती अंश फिरतोय ते कळतं. अडचण अशी की फोन अजिबात फिरत नसतानाही हे यंत्र अगदी शून्य दाखवत नाही, थोडा आकडा उरतोच. त्याला बायस म्हणतात. अँड्रॉइड uncalibrated सेन्सरमध्ये कच्चा आकडा देतं आणि सोबत बायसचा स्वतःचा अंदाज देतं. साध्या सेन्सरमध्ये तो अंदाज आधीच वजा करून देतं आणि गेम साधारणपणे हा साधाच वापरतात. म्हणजे ड्रिफ्ट दिसतो तेव्हा चिप बिघडलेलीच असते असं नाही, बहुतेक वेळा फोनने धरलेला बायसचा अंदाज शिळा झालेला असतो.

14 एप्रिल

मोजणी सुरू. अ‍ॅप `phyphox` वापरलं, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने बनवलेलं आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि फोनचे सगळे सेन्सर ग्राफमध्ये दिसतात. त्यातला जायरोस्कोपचा प्रयोग उघडायचा आणि मेनूतून टाइम्ड रन लावायचं, म्हणजे प्ले दाबल्यावर काही सेकंद थांबून रेकॉर्डिंग सुरू होतं आणि आपल्या बोटाचा धक्का मोजणीत येत नाही. आम्ही 10 सेकंद थांबा आणि 2 मिनिटं रेकॉर्डिंग असं ठेवलं. नंतर फाइल एक्सपोर्ट करून एक्सेलमध्ये तिन्ही अक्षांची सरासरी काढली.

अक्ष कुठला ते समजून घेणं गरजेचं आहे, नाहीतर आकडे पाहून काही कळत नाही. x हा फोनच्या रुंदीच्या दिशेने, y उंचीच्या दिशेने, z स्क्रीनमधून सरळ आपल्याकडे. गेम खेळताना फोन आडवा असतो, म्हणून डावी-उजवीकडे वळणं हे x भोवती होतं आणि नेम वर-खाली करणं y भोवती. z म्हणजे स्टिअरिंगसारखं फिरवणं. आमचा नेम आडवा सरकतो म्हणजे x मध्ये काहीतरी सापडायला हवं.

सकाळी फोन थंड असताना, बॅटरीचं तापमान 33 अंश, x ची सरासरी 0.0003 रेडियन प्रति सेकंद. 57.3 ने गुणलं की अंश मिळतात, म्हणजे सेकंदाला 0.02 अंश, काहीच नाही. (पृथ्वी स्वतः सेकंदाला 0.004 अंश फिरते, ते या सेन्सरच्या गोंगाटात दिसतसुद्धा नाही.) भाऊ लगेच म्हणाला, मग तर सेन्सर ठीकच आहे की.

दुपारी त्याने एरंगेलच्या सलग दोन मॅच खेळल्या, चार्जर लावून, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन. बॅटरी 43 अंशांवर गेली. मॅच संपली तसा फोन त्याच टेबलावर ठेवून मोजलं तर x ची सरासरी 0.0075. सेकंदाला 0.43 अंश. y आणि z मध्ये फारसा फरक नाही.

हा आकडा पटतो. फोनमध्ये येतात त्या दर्जाच्या जायरोच्या डेटाशीटमध्ये तापमानामुळे बायस किती बदलतो ते दिलेलं असतं, आणि तो दर अंश सेल्सिअसला सेकंदाला साधारण 0.05 अंश असा असतो. आपला फोन 10 अंश तापला म्हणजे अर्ध्या अंशाच्या आसपास फरक पडणं अपेक्षितच आहे. म्हणजे सेन्सर चिप म्हणून बरोबरच वागतेय, फोनने सकाळच्या थंडाव्यात शिकलेला बायस दुपारी लागू पडत नाहीये.

15 एप्रिल

पण मग प्रश्न असा की फोनने नवीन बायस शिकला का नाही. फोन कुठेही स्थिर पडला की सिस्टिमला कळतं की आता फिरणं शून्य आहे, म्हणजे जो आकडा येतोय तो सगळा बायस, आणि ती अंदाज सुधारून घेते. कालच्या दुपारच्या मोजणीत फोन दोन मिनिटं टेबलावरच होता आणि तरीही सरासरी उतरली नाही.

ग्राफ झूम करून बघितला तर रेघ सपाट नव्हतीच, बारीक बारीक दात होते, आणि सकाळच्या ग्राफमध्ये ते दात नव्हते. सकाळी कूलर बंद होता. दुपारी तोच कूलर टेबलापासून हातभर अंतरावर चालू होता, पत्र्याचा मोठा कूलर, टेबलाचा पाय त्याच्या स्टँडला टेकलेला. `phyphox` मध्ये अ‍ॅक्सिलरेशन स्पेक्ट्रम म्हणून एक प्रयोग आहे, तो टेबलावर चालवला तर 23 हर्ट्झच्या जवळ एक उंच शिखर उभं राहिलं. कूलरची मोटर मिनिटाला 1400 च्या आसपास फेरे मारते, 60 ने भागलं की 23. कूलर बंद केला, शिखर गेलं. परत चालू केला, परत आलं. भावाने स्वतः स्विचपाशी उभं राहून बंद-चालू करून बघितलं आणि मग त्याचा विश्वास बसला.

म्हणजे आपल्याला टेबल स्थिर वाटतो पण फोनला तो स्थिर वाटत नाही, आणि फोन स्थिर आहे हे सिस्टिमला पटलं नाही तर बायस सुधारला जात नाही.

मग फोन परत तापवला (एक मॅच, चार्जरसकट) आणि स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवला, कूलरपासून दोन खोल्या लांब, स्क्रीन वर, कव्हर काढून. कव्हर काढलं कारण त्याच्या मागे कॅमेऱ्याभोवती उंचवटा आहे आणि फोन डुगडुगतो. रेकॉर्डिंग लावलं. सुरुवातीला x वर 0.007 च्या आसपास रेघ होती आणि काही सेकंदांत ती एकदम शून्याजवळ उतरली आणि तिथेच राहिली. शेवटच्या मिनिटाची सरासरी 0.0004. भिंतीवरच्या खुणेची टेस्ट लगेच केली, 6x मध्ये नेम जागेवर.

तर या फोनचं कॅलिब्रेशन म्हणजे एवढंच निघालं. फोन खेळण्याच्या तापमानाला आणायचा, म्हणजे एखादी टीडीएम खेळून झाल्यावर, आणि मग जिथे पंखा, कूलर, मिक्सर, वॉशिंग मशीन, सबवूफर यांचा धक्का पोचत नाही अशा कडक जागेवर अर्धा-एक मिनिट हात न लावता ठेवायचा. गादीवर किंवा उशीवर नाही, तिथे जवळ कोणी हललं तरी फोन हलतो. थंड फोनवर केलेलं कॅलिब्रेशन पहिल्या मॅचपर्यंत टिकतं आणि दुसऱ्या मॅचमध्ये ड्रिफ्ट परत येतो.

16 एप्रिल

भावाने मधल्या काळात इंटरनेटवरून दोन उपाय शोधून आणले, दोन्ही तपासले.

पहिला, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवायचा. हा मॅग्नेटोमीटरचा, म्हणजे होकायंत्राचा उपाय आहे. जायरोच्या बायसशी त्याचा संबंध नाही, उलट जायरोला हवी असते ती पूर्ण स्थिरता. आठ काढण्याआधी आणि नंतर तापलेल्या फोनवर x ची सरासरी मोजली, जशीच्या तशी. व्हर्च्युअल जायरोवाल्या फोनला मात्र याचा फायदा होऊ शकतो, कारण तिथे मॅग्नेटोमीटरच अर्धं काम करत असतो. हा उपाय इतका का पसरलाय ते बहुतेक त्यामुळेच.

दुसरा, डायलरमध्ये कोड टाकून फोनचा टेस्ट मेनू उघडायचा. शाओमी, रेडमीवर `*#*#6484#*#*` आणि सॅमसंगवर `*#0*#`. सॅमसंगच्या मेनूत सेन्सर नुसते बघता येतात, मोजायला ते बरं. काही फोनच्या मेनूत सेन्सर कॅलिब्रेट करायचं बटण असतं आणि ते कारखान्यात साठवलेला आकडा बदलतं. माझं मत असं की ओट्यावर ठेवून काम होत असेल तर त्या बटणाला हात लावू नये, कारण ते हलत्या टेबलावर दाबलं गेलं तर चुकीचा आकडा कायमचा बसतो आणि मग सिस्टिमला रोज त्याच्याशी झगडत बसावं लागतं. फोन पडल्यावर किंवा दुरुस्तीनंतर मोठा ड्रिफ्ट आला आणि ओट्यावर दोन मिनिटं ठेवूनही उतरला नाही, तरच ते बटण, आणि तेही तशाच कडक जागेवर.

अजून एक, गेममधलं व्हायब्रेशन बंद केलं. गोळी सुटताना फोनची मोटर थरथरते तेव्हा ती सेन्सरच्या शेजारीच थरथरत असते. मागे चिकटवायचा छोटा पंखावाला कूलर भावाकडे आहे, तो लावून ग्राफ काढला तर तसेच बारीक दात दिसले, सरासरी बदलली नाही पण रेघ जाड झाली. त्याने फोन थंड राहतो हे खरंय, त्यामुळे बायस कमी सरकतो हेही खरंय. आम्ही मधला मार्ग घेतला, पंखा मॅचच्या मध्ये लॉबीत लावायचा आणि खेळताना काढायचा. चार्जर खेळताना बंद. बॅटरी आता 39 च्या वर जात नाही.

18 एप्रिल

सेन्सर स्वच्छ झाला, आता सेन्सिटिव्हिटी. टक्केवारीचा आकडा स्वतः काही सांगत नाही. 300% म्हणजे फोन किती वळवल्यावर गेममधला माणूस किती वळतो ते कळायला हवं, आणि ते मोजायची सोय गेमनेच दिलीय, स्क्रीनच्या वर होकायंत्राची पट्टी असते, त्यावर अंश दिसतात.

आईचा पोळपाट घेतला, खाली कंपासमधल्या कोनमापकावरून अंश आखलेला मोठा कागद अंथरला, पोळपाटाच्या एका पायाजवळ बाण चिकटवला आणि वर मोबाइल स्टँडमध्ये फोन आडवा, अगदी सरळ उभा ठेवला. पोळपाट 30 अंश फिरवायचा आणि होकायंत्र किती फिरलं ते वाचायचं. आई म्हणाली संध्याकाळी पोळ्यांच्या आधी परत दे.

आमच्या फोनवर स्कोपशिवाय 300% ला फोन 30 अंश, गेम 84 अंश. म्हणजे पट 2.8. स्लायडर अर्धा केला, 150%, तर गेम 42. सरळ प्रमाण आहे. हळू फिरवा किंवा झटक्यात फिरवा, तेवढंच येतं, म्हणजे वेगावर सेन्सिटिव्हिटी वाढत नाही, आणि ही गोष्ट महत्त्वाची आहे कारण मग हाताला एकच माप शिकायला पुरतं. 6x वर भावाचे जुने 150% होते, तिथे 30 ला 36, पट 1.2. हे आकडे आमच्या फोनचे, ज्याने त्याने आपले काढावेत.

आता दुपारचा ड्रिफ्ट पुन्हा बघू. 0.43 गुणिले 1.2 म्हणजे गेममध्ये सेकंदाला अर्धा अंश. 100 मीटरवर अर्धा अंश म्हणजे 87 सेंटिमीटर. समोरच्या माणसाची छाती साधारण 45 सेंटिमीटर रुंद धरली तर अर्ध्या सेकंदात नेम अंगावरून उतरतो. भाऊ म्हणत होता ते "आपोआप सरकून राह्यलं" ते हेच, आणि त्याने कितीही कोड बदलले तरी ते जाणं शक्य नव्हतं, कारण सेन्सिटिव्हिटी कमी केली की ड्रिफ्ट फक्त हळू होतो.

स्टँडमध्ये फोन सरळ उभा होता तेव्हाचे हे आकडे आहेत. मागे रेलून, फोन बराच झुकवून धरला की तेच डावी-उजवीकडे वळणं x आणि z मध्ये वाटलं जातं, आणि गेम कुठले अक्ष कसे घेतो त्यावर पट बदलू शकतो. म्हणून भावाला सांगितलं, ज्या पोझिशनमध्ये मॅच खेळतोस त्याच झुकावावर स्टँड लावून परत मोज, आणि पलंगावर आडवं पडून सराव आणि खुर्चीत बसून मॅच असं करू नको.

20 एप्रिल

स्कोपचे आकडे ठरवायला हाताचा कंप मोजला. प्रत्येकाचा हात सेकंदाला 8 ते 12 वेळा बारीक थरथरत असतो, हे नैसर्गिक आहे, सरावाने जात नाही, पण आधार दिला की कमी होतो. भाऊ खुर्चीत बसला, कोपरं हवेत, फोन नेहमीसारखा धरला आणि `phyphox` चालू. x वर 9 हर्ट्झच्या आसपास लाट दिसली, उंची 0.15 रेडियन प्रति सेकंद. वेगावरून कोन काढायला 2 × 3.14 × 9 ने भागायचं आणि अंश मिळायला 57.3 ने गुणायचं, उत्तर 0.15 अंश एका बाजूला, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत 0.3 अंश.

मग 6x चं गणित सोपं आहे. पट 1.2 असेल तर गेममध्ये नेम 0.36 अंश हलतो, 100 मीटरवर 63 सेंटिमीटर, छातीच्या बाहेर. पट 0.8 ठेवला तर 42, जेमतेम आत. कोपरं मांडीवर टेकवली तर लाट निम्मी झाली, मग तेच 42 चे 21 होतात. म्हणून 6x ला 100% केलं (पट 0.8) आणि कोपरं टेकवायची सक्ती. यापेक्षा कमी केलं तर कंप अजून कमी दिसेल, पण मग पळणाऱ्या माणसाच्या मागे जायला मनगट पुरत नाही आणि तो परत अंगठा ओढायला लागतो.

जवळच्या लढाईत कंपाचा प्रश्नच नाही, तिथे वळण हवं. मनगटाने फोन आरामात 20 अंश एका बाजूला वळतो, त्यापुढे स्क्रीन तिरकी दिसायला लागते. 2.8 पटाने 56 अंश मिळतात, बाकीचं अंगठ्याने. मोठं वळण अंगठ्याचं, शेवटची दुरुस्ती जायरोची, ही विभागणी त्याला दोन दिवसांत जमली. रेड डॉट 300 ठेवला, 3x आणि 4x मधल्या आकड्यांवर, तिथे फार खल केला नाही.

एक गोष्ट मी आग्रहाने करायला लावली. बीजीएमआयमध्ये जायरोस्कोपची एक यादी आणि एडीएस जायरोस्कोपची दुसरी यादी असते, दुसरी गोळी झाडत असताना लागू होते. लोक दुसरी वाढवून ठेवतात, रिकॉइल ओढायला सोपं जातं म्हणून. पण मग ट्रिगर दाबल्याक्षणी हाताचं माप बदलतं. सुरुवातीला दोन्ही याद्या अगदी सारख्या ठेवल्या. स्प्रे खालीच ओढला जात नसेल तर नंतर फक्त 3x ची एडीएस थोडी थोडी वाढवायची.

23 एप्रिल

ट्रेनिंग ग्राउंड, एम416, कॉम्पेन्सेटर आणि व्हर्टिकल ग्रिप, 3x, 50 मीटरचं टार्गेट, पूर्ण मॅगझिन भिंतीवर. गोळ्यांची भोकं बघून निदान करता येतं आणि हा भाग मला सगळ्यात आवडला. भोकांची रांग वर चढत गेली तर हात खाली कमी झुकतोय. रांग सुरुवातीला खाली जाऊन मग वर आली तर हात ट्रिगरच्या आधीच झुकतोय. रांग सरळ पण तिरकी, आणि दर वेळी एकाच बाजूला तिरकी असेल तर दोन शक्यता, ड्रिफ्ट किंवा फोन झुकवताना मनगट पिळलं जाणं. दोन्हीतला फरक करायला फोन टेबलावर ठेवून भिंतीची टेस्ट. नेम थांबलेला असेल तर दोष मनगटाचा.

भावाची रांग उजवीकडे तिरकी येत होती. भिंतीची टेस्ट केली, नेम स्थिर. `phyphox` मध्ये नुसती खाली झुकवायची हालचाल रेकॉर्ड केली तर y च्या लाटेबरोबर x मध्येही छोटी लाट. उजवा हात फायरचं बटण दाबून धरतो आणि त्याच बाजूने फोन ढकलला जातो. उपाय म्हणून फायर बटण थोडं आत आणि मोठं केलं, म्हणजे बोट ताणावं लागत नाही, आणि झुकवणं मनगटाऐवजी दोन्ही हातांच्या खालच्या बोटांनी करायचा सराव सुरू केला. संध्याकाळपर्यंत 3x ची रांग बऱ्यापैकी उभी झाली. 6x वर अजून वरच्या गोळ्या पसरतात.

26 एप्रिल

भावाच्या मित्राने आयफोन आणला, त्याचंही करून द्या म्हणाला. तिथे कुठला मेनू नाही, कोड नाही, बायस सिस्टिम स्वतःच सांभाळते, पण `phyphox` त्यावरही आहे आणि ओट्याची पद्धत तीच. फक्त पंखा बंद करून, फोन थंड असताना आणि गरम असताना x ची सरासरी मोजायची. गरम x 0.0009 आला, हात लावायची गरजच नाही. त्याची तक्रार नेम थरथरण्याची होती आणि 6x चा पट पोळपाटावर 1.9 निघाला, तो निम्म्यावर आणायला सांगितला.

भाऊ परवा बुलडाण्याला परत जाणार. त्याच्या घरी ओटा नाही, कडप्प्याची खिडकी आहे, तिच्यावर ठेवून पहिल्याच दिवशी गरम फोनची x ची सरासरी काढून पाठवायला सांगितलंय. 0.002 च्या खाली असेल तर आकडे हेच ठेवायचे, वर असेल तर त्या खिडकीजवळ काय चालू असतं ते आधी बघायचं.